इन्व्हॉइससोबतचा मेल: ‘३० दिवसांत’ आणि ‘३० दिवसांनी’ यात पैसे अडकतात

कोयनानगरला बसून पुण्या-मुंबईची कामं करणारी बरीच पोरं आता आहेत. कुणी थंबनेल बनवतं, कुणी रील एडिट करतं. मी प्रूफरीडिंग करतो, त्यामुळे पाठवण्याआधी ‘दादा, एवढं एकदा बघा ना’ म्हणून त्यांचे मेल माझ्या व्हॉट्सअॅपवर येतात. त्यातलाच एक मेल आज उघडून बघू. काम होतं सहा व्हिडिओंच्या मराठी सबटायटल्सचं, प्रत्येकी ३,००० रुपये, एकूण १८,०००. क्लायंट पुण्यातली एक एजन्सी. मेल असा होता:

> नमस्कार सर, मी आपल्याला सहा व्हिडिओचे सबटायटल्स दिले होते. तुम्ही कृपया सोबतचे इन्व्हॉइस बघून ३० दिवसांनी पेमेंट करावी ही नम्र विनंती. काही चूक असेल तर माफ करा.

वाचताना गोड वाटतो. पण यात अर्थ बदलणारी चूक एकच आहे, आणि ती नेमकी पैशांच्या वाक्यात आहे. ‘३० दिवसांनी’ म्हणजे तीस दिवस झाल्यावर. तिला म्हणायचं होतं ‘३० दिवसांत’, म्हणजे तीस दिवस संपायच्या आत. अकाउंट्स विभागातला माणूस हे वाचून महिनाभर फाईल बाजूला ठेवेल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही. ‘दिवसात’ की ‘दिवसांत’? दिवस एकापेक्षा जास्त आहेत, म्हणून अनुस्वार हवा. ‘व्हिडिओचे’ नाही, ‘व्हिडिओंची’ हेही त्याच नियमाने.

बाकीच्या चुका किरकोळ, पण लगेच दिसणाऱ्या. पहिल्या वाक्यात ‘आपल्याला’ आणि दुसऱ्यात ‘तुम्ही’. दोन्ही आदराचीच रूपं आहेत, एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. ‘पेमेंट’ मराठीत नपुंसकलिंगी चालतं, म्हणून ‘पेमेंट करावे’. ‘कृपया’ आणि ‘नम्र विनंती’ एकाच वाक्यात नको, दोन्हींचं काम तेच आहे. आणि ते ‘माफ करा’ काढूनच टाका. केलेल्या कामाचे पैसे मागतोय, उसने नाही.

आता मुदतीकडे. ‘३० दिवसांत’ असं बरोबर लिहिलं तरी प्रश्न उरतोच: कधीपासून? काम दिल्यापासून, इन्व्हॉइसच्या तारखेपासून, की ‘अंतिम मंजुरी’पासून? शेवटचा पर्याय सगळ्यात धोक्याचा, कारण मंजुरी कधी द्यायची हे क्लायंटच्या हातात असतं. म्हणून मोजणी कुठून सुरू होते ते लिहा आणि शेवटची तारीख स्वतः मोजून टाका. या मेलमध्ये इन्व्हॉइस २ जून २०२५चं होतं, म्हणजे मुदत २ जुलै. तारीख लिहिली की वाद घालायला जागा राहत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. इन्व्हॉइससोबतचा मेल नवीन अट घालण्याची जागा नाही. ‘उशीर झाल्यास व्याज लागेल’ असं पहिल्यांदाच इन्व्हॉइसवर छापून आलं, तर समोरचा सरळ म्हणतो, हे ठरलंच नव्हतं. अटी काम घेतानाच्या मेलमध्ये ठरतात. तेव्हाच एक ओळ घाला: ‘फाईल मिळाल्यापासून ७ दिवसांत दुरुस्ती कळवली नाही, तर काम मंजूर धरले जाईल.’ इन्व्हॉइसच्या मेलने फक्त त्या जुन्या मेलकडे बोट दाखवायचं.

दुरुस्त केलेला मेल हा:

> विषय: इन्व्हॉइस क्र. ७, सहा व्हिडिओंची सबटायटल्स, रु. १८,०००, देय तारीख २ जुलै २०२५
>
> नमस्कार सर,
> सहा व्हिडिओंची मराठी सबटायटल्स मी ३० मे रोजी पाठवली. त्या कामाचे इन्व्हॉइस सोबत जोडले आहे. एकूण रक्कम १८,००० रुपये.
> १२ मेच्या मेलमध्ये ठरल्याप्रमाणे मुदत इन्व्हॉइसच्या तारखेपासून ३० दिवसांची आहे. कृपया २ जुलैपर्यंत रक्कम जमा करावी. इन्व्हॉइसमध्ये काही बदल हवा असल्यास ९ जूनपर्यंत कळवा, सुधारित प्रत लगेच पाठवते.

विषयाची ओळ लांब वाटेल, पण महिन्याभराने अकाउंट्सवाला सर्चमध्ये ‘सबटायटल्स’ किंवा ‘१८,०००’ टाकेल तेव्हा हाच मेल वर येईल. पीडीएफचं नावही `final_new2.pdf` नको, `Invoice-07.pdf` असं साधं ठेवा.

आठवण करून देताना पोरं सगळ्यात जास्त अवघडतात. एक तर आठवडाभर गप्प बसतात, नाहीतर एकदम ‘तुम्ही अजून पेमेंट केलं नाही’ असं लिहितात. मराठीत यावर छान सोय आहे: वाक्यातून माणूस काढा आणि रकमेला कर्ता करा. ‘इन्व्हॉइस क्र. ७ ची रक्कम आज सकाळपर्यंत माझ्या खात्यात जमा झालेली दिसत नाही.’ यात आरोप नाही, आणि नरमाईसुद्धा नाही. पुढे एक प्रश्न, ज्याचं उत्तर तारखेतच द्यावं लागेल: ‘ती कोणत्या तारखेला जमा होईल ते कळवाल का?’ ‘जमल्यास बघा’ असं लिहिलं की समोरच्याला जमत नाही, हा माझा अनुभव.

या कामात पहिली आठवण मुदतीआधी, २७ जूनला पाठवायची ठरवली. सूर हलका: ‘२ जुलैची मुदत जवळ येते आहे, माझ्याकडून काही कागद हवा असल्यास सांगा.’ दुसरी ३ जुलैला, वरच्या वाक्याची. उत्तर नाही आलं तर तिसरी १० जुलैला, आणि त्या दिवशी फोनसुद्धा. तिन्ही त्याच मेलला रिप्लाय करून, पीडीएफ पुन्हा जोडून.

आमच्याकडे पावसात रेंज आणि वीज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून जीमेलचं `Schedule send` कामाला येतं. मेल लिहून वरच्या तीन टिंबांवर दाबा, तारीख-वेळ निवडा. एकदा शेड्यूल झाला की त्या वेळी तुमचा फोन बंद असला तरी मेल जातो. पण असा फक्त मुदतीआधीचाच मेल लावून ठेवा. ‘रक्कम दिसत नाही’ हा मेल शेड्यूल केलात आणि पैसे आदल्या रात्री आले, तर सकाळी पंचाईत. तसा लावलाच असेल तर `Scheduled` फोल्डरमध्ये जाऊन `Cancel send` करा.

आणि तिसऱ्या मेलनेही काही हललं नाही तर? एमएसएमईडी कायदा २००६ आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे मुदत जाऊ शकत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. इथे ३० मेपासून ४५ दिवस म्हणजे १४ जुलै. नोंदणी फुकट आहे, पण काम घेण्याआधीच करून ठेवलेली बरी. मेलमध्ये मात्र कायद्याची धमकी देत बसू नका, ‘कायद्यानुसार ४५ दिवसांची मुदत १४ जुलैला पूर्ण होते’ एवढंच लिहा. ते वाक्य अकाउंट्सवाला त्याच्या सीएला दाखवतो, आणि सीएला पुढचं माहीत असतं.

‘रक्कम आली नाही’ असं लिहिण्याआधी पासबुकात पूर्ण १८,०००च शोधू नका. टीडीएस कापला असेल तर आकडा कमी असतो, आणि कापलेली रक्कम नंतर आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसायला हवी. तसं असेल तर आठवणीचा मेल नको, ‘रक्कम मिळाली, टीडीएसचा तपशील पाठवाल का?’ एवढाच रिप्लाय त्याच मेलला करा.