सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

घरात नवा पंचावन्न इंची टीव्ही येतो आणि पहिल्याच रात्री ‘सैराट’ लावला जातो. परशा विहिरीत उडी घेतो. चित्र लखलखीत आहे, पण काहीतरी खटकतं. माणसं सिनेमातली न वाटता दुपारच्या मालिकेतली वाटतात, शूटिंग चालू असताना आपण बाजूला उभे आहोत अशी. पाणी उसळतं तेव्हा थेंबांच्या कडा क्षणभर विरघळल्यासारख्या होतात. टीव्ही बिघडलेला नाही आणि सिनेमाची प्रतही खराब नाही. कारखान्यातून येताना चालू ठेवलेल्या एका सोयीचा हा परिणाम आहे.

बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनी चित्रित होतो. हालचालीत किंचित थरथर आणि धूसरपणा राहतो, आणि पडद्यावरच्या जगाचं वेगळेपण आपल्या डोळ्यांनी त्यावरूनच ओळखायला शिकलेलं आहे. दूरदर्शनच्या काळापासून व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या मालिका आणि बातम्या मात्र सेकंदाला 50 वेळा बदलणारं चित्र दाखवत आल्या. म्हणून गुळगुळीत हालचाल दिसली की मन ‘मालिका’ म्हणतं. इंग्रजीतही या दोषाला ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ असंच नाव पडलं आहे.

टीव्हीचा पडदा सेकंदाला 60 किंवा 120 वेळा ताजा होतो. सिनेमाकडून 24 फ्रेम येतात. 60च्या पडद्यावर उरलेल्या किमान 36 जागा जुनीच फ्रेम पुन्हा दाखवून भरता येतात, किंवा टीव्ही दोन फ्रेमच्या मधलं चित्र अंदाजाने तयार करून तिथे घालतो. ही मधली चित्रं कॅमेऱ्याने कधी टिपलेलीच नसतात. हात सरळ रेषेत हलला तर अंदाज बरोबर येतो. उसळणारं पाणी, झाडाची पानं, जाळीमागून धावणारा माणूस अशा ठिकाणी तो चुकतो आणि कडा फाटतात.

क्रिकेटसाठी ही सोय चालेल. सिनेमासाठी ती घातक आहे, असं दिग्दर्शकच सांगत आले आहेत. डिसेंबर 2018मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी एक छोटा व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ती बंद करण्याची विनंती केली. पुढच्याच वर्षी `Filmmaker Mode` जाहीर झाला. त्याला ख्रिस्तोफर नोलन आणि मार्टिन स्कोर्सेसी यांचा पाठिंबा होता. या मोडमध्ये ही सोय आपोआप बंद होते.

रिमोटवरून `Settings`, मग `Picture`, मग `Picture Mode` इथे जावं. `Filmmaker Mode` असेल तर तो, नाहीतर `Movie` किंवा `Cinema` निवडावा. चित्र एकदम पिवळसर आणि मंद वाटेल. दुकानाच्या झगमगाटात टीव्ही उठून दिसावा म्हणून `Vivid` मोडचा पांढरा रंग निळसर ठेवलेला असतो आणि डोळे त्याला सरावलेले असतात. सिनेमाचे रंग ज्या पांढऱ्याच्या आधारे ठरवले जातात, त्याच्या जवळ हा नवा रंग आहे. अर्धा तास थांबावं. नंतर जुना मोडच निळा वाटू लागतो. दिवसा खोलीत उजेड असेल तर रंग न बदलता फक्त बॅकलाइट वाढवावा.

मोड बदलला तरी काही टीव्हींवर गुळगुळीतपणा चालूच राहतो, म्हणून तोही तपासायला हवा. एलजीवर त्याला `TruMotion` म्हणतात, सोनीवर `Motionflow`, सॅमसंगवर `Picture Clarity` किंवा जुन्या टीव्हींवर `Auto Motion Plus`, तर अनेक स्वस्त टीव्हींवर नुसतं `MEMC`. हे बंद करावं. ओएलईडी पडद्यावर मात्र कॅमेरा आडवा सरकताना चित्र धक्के खात असल्याचं जाणवू शकतं, कारण तिथे पिक्सेल क्षणात बदलतो. त्रास होत असेल तर धक्के कमी करणारा आकडा एक-दोनवर ठेवावा, त्याहून वर नको.

राहिला तीक्ष्णपणा, म्हणजे `Sharpness`. नावामुळे फसायला होतं. त्याने चित्रात नवा तपशील येत नाही. कडेची गडद बाजू आणखी गडद होते आणि उजळ बाजू आणखी उजळ. जुन्या सिनेमातल्या फिल्मचे बारीक कण त्यामुळे वाळूसारखे टोचू लागतात. मोकळ्या आभाळासमोर माणूस किंवा विजेची तार दिसेल तिथे सिनेमा थांबवावा. कडेला पांढरी रेघ दिसली तर ती जाईपर्यंत आकडा खाली आणावा आणि चित्र मऊ पडू लागण्याआधी थांबावं. अनेक टीव्हींवर ही जागा शून्याजवळ असते. सोनीवर साधारण 50 हा तटस्थ आकडा आहे. तिथे शून्य केलं तर चित्र धूसर होतं.

एक गोष्ट विसरू नये. बऱ्याच टीव्हींवर एचडीआर आणि डॉल्बी व्हिजनच्या सिनेमांसाठी, तसंच प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी या निवडी वेगळ्या साठवल्या जातात. असा सिनेमा सुरू झाला की तो चालू असतानाच पुन्हा मेनूत जावं आणि तिन्ही गोष्टी तिथेही बदलून घ्याव्यात.