‘बहुधा’चे वजन: निश्चितीच्या शब्दांविषयीचे काही गैरसमज

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने निष्कर्षाच्या वाक्यात ‘बहुधा’ असा शब्द घातला, तर त्याचे मार्गदर्शक अनेकदा तो खोडून टाकतात. आणि त्याच जागी त्याने ‘निःसंशय’ असे लिहिले, तर परीक्षक समासात प्रश्नचिन्ह काढतात. बहुधा, संभवतः, कदाचित, असे दिसते, असे म्हणतात, हे शब्द शास्त्रीय लेखनात नेमके कशासाठी येतात याविषयी आपल्याकडे जो गोंधळ आहे, त्याचे हे दोन्ही प्रकार निदर्शक होत. हे शब्द केवळ नम्रतेचे अलंकार आहेत असे समजून कोणी ते सढळ हाताने वापरतो, तर ते दुर्बलतेचे चिन्ह मानून कोणी समूळ काढून टाकतो. ते विधानाचेच घटक असतात, आणि ते बदलले की विधानही बदलते, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही. पुढील विवेचनात मुख्य दाखला घेतला आहे तो हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांचा. कारण तेथे एका विधानातील निश्चितीचा शब्द पाव शतकाहून अधिक काळ, जगातील सरकारांच्या प्रतिनिधींसमोर, पुनःपुन्हा तोलला गेला आहे.

गैरसमज पहिला: ‘बहुधा’ म्हणणाऱ्याचा अभ्यास कच्चा असतो

वस्तुस्थिती अशी की, हा शब्द अभ्यासाची पायरी सांगतो. पृथ्वीच्या तापमानवाढीस मनुष्य कारणीभूत आहे काय, या प्रश्नाचे उत्तर समितीने १९९५ च्या अहवालात दिले, तेव्हा माद्रिद येथील बैठकीत एकेका विशेषणावर दीर्घ वाद होऊन, पुराव्याचा तोल पाहता मनुष्याचा प्रभाव ‘जाणवण्याजोगा’ आहे, एवढेच काय ते मान्य झाले. २००१ साली गेल्या पन्नास वर्षांतील बहुतांश तापमानवाढ हरितगृह वायूंच्या वाढीमुळे झाली असणे ‘संभाव्य’ ठरले. २००७ मध्ये तेच ‘अतिसंभाव्य’ झाले, म्हणजे शंभरात नव्वदांहून अधिक. आणि २०१३ मध्ये मानवी प्रभाव हेच विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या तापमानवाढीचे प्रमुख कारण असणे ‘अत्यंत संभाव्य’, म्हणजे शंभरात पंचाण्णवांहून अधिक, असे नोंदवले गेले. निरीक्षणांची वर्षे वाढली, संगणकीय प्रतिमाने सुधारली, सूर्याच्या तेजातील फेरफार किंवा ज्वालामुखी यांसारख्या पर्यायी कारणांनी मिळणारे स्पष्टीकरण अपुरे ठरत गेले, तसतशी शब्दाने पायरी ओलांडली.

२००७ च्या अहवालातील एक बारकावा येथे विशेष पाहण्यासारखा आहे. पृथ्वी तापते आहे, हे विधान त्या अहवालाने कोणत्याही ‘बहुधा’विना, ‘निर्विवाद’ म्हणून केले. कारण हवेचे व समुद्राचे तापमान, वितळणारे बर्फ आणि चढणारी समुद्रपातळी या सर्वांची साक्ष एकच होती. पण ती का तापते आहे, या प्रश्नाच्या उत्तराला मात्र ‘अतिसंभाव्य’ची मर्यादा घातली, कारण तेथे निरीक्षणापुढे जाऊन कार्यकारणाचे अनुमान करावे लागत होते. अज्ञानामुळे सावध होणाऱ्याला एकाच अहवालात अशी सीमारेषा आखता येत नाही. कोठे थांबावे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती आखता येते. मानवी प्रभावाने वातावरण, समुद्र व भूमी तापली आहेत, या विधानाला ‘निर्विवाद’ हा शब्द २०२१ च्या अहवालात लागला, आणि त्याला जे वजन आले ते आधीच्या अहवालांनी तो राखून ठेवला होता म्हणूनच.

गैरसमज दुसरा: या शब्दांचा अर्थ सर्वांना सारखाच कळतो

अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात शर्मन केंट नावाचे एक इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांच्या कार्यालयाने मार्च १९५१ मध्ये एक अंदाज तयार केला, आणि त्या वर्षी युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची ‘गंभीर शक्यता’ मानली पाहिजे, असे त्यात लिहिले. पुढे परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने सहज विचारले की, या शब्दांनी आपल्याला नेमके किती अभिप्रेत होते. केंट यांनी आपल्या मनातले प्रमाण सांगितले: आक्रमणाच्या बाजूने पासष्ट, विरुद्ध पस्तीस. ते ऐकून तो अधिकारी चकित झाला, कारण त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी शक्यता याहून पुष्कळ कमी धरली होती. अस्वस्थ झालेल्या केंट यांनी मग तो अंदाज ज्यांनी एकमताने मंजूर केला होता त्या आपल्याच मंडळातील सदस्यांना विचारले, तेव्हा कोणाच्या मनात विसास ऐंशी, तर कोणाच्या मनात ऐंशीस वीस, अशी प्रमाणे निघाली. मसुद्यावर सर्वांची संमती होती, परंतु ती संमती एका अर्थावर नव्हती.

यावर उपाय म्हणून केंट यांनी शब्दांना अंक जोडण्याचा आग्रह धरला. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे शंभरात सुमारे त्र्याण्णव, ‘संभाव्य’ म्हणजे सुमारे पंचाहत्तर, अशी कोष्टकवजा मांडणी आहे, आणि प्रत्येक अंकाच्या दोन्ही बाजूंना थोडी सूट ठेवलेली आहे. आयपीसीसीनेही पुढे अशीच श्रेणी ठरवली. तिच्या अलीकडच्या रूपात ‘संभाव्य’ म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक, ‘असंभाव्य’ म्हणजे ३३ टक्क्यांहून कमी.

परंतु कोष्टक परिशिष्टात छापले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. डेव्हिड बुडेस्कू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांना या अहवालांतील वाक्ये दिली, तेव्हा कोष्टक हाताशी असूनही ‘अतिसंभाव्य’चा अर्थ अनेकांनी नव्वदाच्या बराच खाली लावला, आणि शब्द कोणताही असो, वाचक त्याला मध्याकडे ओढतात असे दिसून आले. शब्दाच्या शेजारीच, त्याच वाक्यात, अंक दिला तेव्हा लेखकाचा व वाचकाचा अर्थ एकमेकांच्या जवळ आला. सबब ज्याला खरोखरच अंक ठाऊक आहे त्याने तो तळटीपेत न दडवता वाक्यातच लिहावा.

गैरसमज तिसरा: ‘असे दिसते’ आणि ‘असे म्हणतात’ ही ‘बहुधा’चीच सौम्य रूपे आहेत

हे शब्द दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ हे खात्री किती ते सांगतात. ‘दिसते’, ‘म्हणतात’, ‘म्हणे’ हे ती माहिती कोठून आली ते सांगतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या घराण्याच्या दप्तरात तारीख नसलेले एक मोडी पत्र सापडते, आणि त्याची अस्सलता तज्ज्ञांनी तपासून मान्य केलेली आहे. पत्रात पानिपतच्या पराभवाचा उल्लेख आहे; तेव्हा ते १४ जानेवारी १७६१ नंतरचे आहे, हे विधान अभ्यासकाने कोणत्याही आडपडद्याविना करावे. अक्षराचे वळण त्या घराण्यातील एका कारकुनाच्या तारीखवार पत्रांशी जुळते. म्हणून ‘ते त्याच कारकुनाच्या हातचे असावे’, हे अनुमान झाले, आणि ‘असावे’ हे क्रियापद त्याची कबुली देते. पत्र ज्याला लिहिले तो गृहस्थ स्वतः रणांगणावर होता, ही माहिती मात्र घराण्यात चालत आलेली आहे. तेथे ‘असे घराण्यात सांगतात’ असेच लिहिले पाहिजे. या तिन्ही ठिकाणी सरसकट ‘बहुधा’ घातले, तर पहिले विधान विनाकारण दुबळे होते, आणि तिसऱ्याला न मिळवलेली प्रतिष्ठा मिळते. ऐकीव गोष्टीची शहानिशा केलेलीच नसताना तिची संभाव्यता अभ्यासकाने कशाच्या आधारे ठरवली, हा प्रश्न वाचकाला विचारताही येत नाही.

आयपीसीसीनेही याच्याशी मिळताजुळता भेद पाळण्यासाठी दोन वेगळ्या श्रेणी ठेवल्या आहेत. पुरावा किती भक्कम आहे आणि अभ्यासकांत किती एकमत आहे, यावरून ‘विश्वासाची’ श्रेणी ठरते. एखादी घटना घडण्याचे प्रमाण अंकात मांडता येत असेल, तरच ‘संभाव्यतेची’ श्रेणी लावली जाते.

गैरसमज चौथा: सावध शब्द जोडला की वाक्य सावध होते

याचे सर्वांत बोलके प्रत्यंतर त्याच समितीच्या इतिहासात, आणि आपल्या हिमालयाविषयीच, सापडते. २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात असे विधान आले की, तापमानवाढीची गती अशीच राहिल्यास हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत, किंबहुना त्याआधीही, नाहीशा होण्याची शक्यता अतिशय अधिक आहे. वाक्यात ‘राहिल्यास’ ही अट होती, संभाव्यतेचा शब्दही होता. नव्हता तो आधार. हवाला होता एका पर्यावरणवादी संस्थेच्या अहवालाचा, आणि त्याचा माग काढता काढता अभ्यासक पोचले ते १९९९ मधील एका लोकप्रिय विज्ञाननियतकालिकातील वृत्तापर्यंत. शेकडो मीटर जाडीचे बर्फ तीन दशकांत वितळून जाणे भौतिकदृष्ट्याच अशक्यप्राय होते, आणि मसुद्याच्या समीक्षेत शंकाही नोंदवल्या गेल्या होत्या. जानेवारी २०१० मध्ये समितीने जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी विज्ञान अकादमींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने समितीच्या कार्यपद्धतीची तपासणी करून, पुरेसा पुरावा नसेल तेथे संभाव्यतेची श्रेणी लावू नये, अशी शिफारस केली, आणि समितीने आपल्या लेखकांसाठीचे मार्गदर्शन सुधारून घेतले.

याचीच दुसरी बाजू म्हणजे सावधगिरीची रास. ‘यावरून कदाचित असे म्हणता येण्याची शक्यता असू शकेल की’ असल्या आरंभाने विधानाभोवती इतके पदर गुंडाळले जातात की, ते खोडून काढणे कोणालाच शक्य राहत नाही. जे खोडता येत नाही ते तपासताही येत नाही, म्हणून शास्त्रीय लेखनात हे संरक्षण म्हणजे दोष होय. एका विधानाला एकच मर्यादा पुरते, आणि ती ज्या अंशाविषयी शंका आहे त्याच अंशाला जोडलेली असावी. औषधाने ताप उतरला हे मोजलेले असेल आणि तो कसा उतरला याविषयीच शंका असेल, तर ‘बहुधा’ दुसऱ्या उपवाक्यात जावे, पहिल्यात नव्हे.

तात्पर्य, संशयदर्शक शब्द खोडावा की ठेवावा, हा प्रश्नच अपुरा आहे. हाती प्रबंध वा अहवाल घेणाऱ्या वाचकाने प्रत्येक ‘बहुधा’पाशी थांबून तीन गोष्टी विचाराव्यात: शंका नेमक्या कोणत्या अंशाविषयी आहे, ती किती आहे, आणि उरलेली खात्री कशाच्या बळावर आहे. ज्या लेखकाला या तिन्हींचे उत्तर देता येते त्याचा ‘बहुधा’ जसाच्या तसा राहू द्यावा, आणि ज्याला देता येत नाही त्याचे ‘निःसंशय’ही मान्य करू नये.