प्रत्यय ठरवणारे शेवटचे व्यंजन

कोरियन मालिका पाहणाऱ्यांच्या कानांवर दोन तऱ्हेच्या हाका सतत पडतात. सूजिन नावाच्या मुलीला तिच्या मैत्रिणी ‘सूजिना!’ अशी हाक मारतात आणि मिन्सूला ‘मिन्सूया!’. एक मुलगी आणि दुसरा मुलगा, म्हणून हा फरक असेल असे वाटते, पण तसे नाही. ‘सूजिन’ व्यंजनावर संपते म्हणून त्याला ‘आ’ लागला. ‘मिन्सू’ स्वरावर संपते म्हणून ‘या’ लागला. मुलाचे नाव जीमिन असते तर त्यालाही ‘जीमिना’ म्हटले असते.

कोरियनमधले बरेच प्रत्यय असे जोडीने येतात. वाक्याचा विषय दाखवायला उन किंवा नुन, कर्ता दाखवायला इ किंवा गा, कर्म दाखवायला उल किंवा रुल. (यातला ‘उ’ ओठांचा चंबू न करता, ते ताणून म्हणायचा असतो. देवनागरीत त्याला नेमके अक्षर नाही.) प्रत्येक जोडीतला पहिला व्यंजनानंतर येतो, दुसरा स्वरानंतर. पुस्तक म्हणजे ‘छेक’, म्हणून छेक-उन, छेक-इ. कॉफी म्हणजे ‘खफी’, म्हणून खफी-नुन, खफी-गा. मराठीत प्रत्यय लागताना शब्द वाकतो: घोडा, पण घोड्याला, भाऊ, पण भावाला. कोरियनमध्ये नाम जागचे हलत नाही, प्रत्ययच रूप बदलतो.

शिकणाऱ्यांचा घोळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. ‘उन की नुन’ हा निव्वळ उच्चाराचा प्रश्न आहे, त्याने अर्थ तसूभरही बदलत नाही. ‘नुन की गा’ हा अर्थाचा प्रश्न आहे. पाऊस म्हणजे ‘बी’. ‘बी-गा वायो’ म्हणजे पाऊस येतोय, साधी बातमी. ‘बी-नुन’ म्हटले की त्यात ‘पाऊस तर’ किंवा ‘पाऊस मात्र’ अशी छटा येते. आधी अर्थ पाहून जोडी निवडायची आणि मग शब्दाचा शेवट पाहून जोडीतला एक. हा क्रम पाळला तर निम्मी गुंतागुंत संपते.

लिहिताना शेवट डोळ्यांना दिसतोच. हंगुल लिपीत प्रत्येक उच्चारखंड एका चौकोनात मांडतात आणि शेवटी व्यंजन असेल तर ते चौकोनाच्या तळाशी येते. त्याला ‘बात्छिम’ म्हणतात. तळ भरलेला असेल तर उन, इ, उल. रिकामा असेल तर नुन, गा, रुल.

खरी गंमत बोलताना आहे. व्यंजनानंतर स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की ते व्यंजन प्रत्ययात सरकते. ‘छेक-इ’ कानाला ‘छेगी’ ऐकू येते. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे एकट्या शब्दात दबून राहिलेले व्यंजन प्रत्ययापुढे उघडे पडते. कपडा आणि फूल यांचे शब्द एकटे उच्चारले तर ‘ओत’ आणि ‘क्कोत’, दोन्हींच्या शेवटी तोच त. कर्त्याचा प्रत्यय लावला की ‘ओशी’ आणि ‘क्कोछी’ होतात. एकात स लपलेला होता, दुसऱ्यात छ. १९३३ साली ठरलेल्या एकसूत्री लेखननियमांनी म्हणूनच शब्दाचे मूळ रूप लिहायचे ठरवले. कान ‘त’ ऐकतो, पण तळाशी स किंवा छ लिहिलेला असतो. कोरियन माणसेही यात नेहमी काटेकोर नसतात. स्वयंपाकघराच्या शब्दाला प्रत्यय लावल्यावर प्रमाण उच्चार ‘बुओखी’, पण ‘बुओगी’ म्हणणारे पुष्कळ.

उन-नुन, उल-रुल या जोड्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात, मग इ आणि गा यांच्यात काहीच साम्य का नाही? कारण ते मुळात एका घरचे नाहीत. राजा सेजोंग याने १४४६ मध्ये हंगुल जाहीर केली तेव्हा कर्त्याचा प्रत्यय एकटा ‘इ’ होता. स्वरानंतर तो आधीच्या स्वराला चिकटून जायचा, आणि शब्दच ‘इ’वर संपत असला तर दिसेनासा व्हायचा. ‘गा’ कागदोपत्री सापडतो तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुढे त्याने स्वरान्त शब्दांची सगळी जागा व्यापली.

नियमाला एक ठळक अपवाद आहे, तो ‘ल’चा. ‘कडे’ किंवा ‘ने’ या अर्थाचा प्रत्यय व्यंजनानंतर ‘उरो’ आणि स्वरानंतर ‘रो’ असतो. बुसानकडे म्हणजे ‘बुसान-उरो’, बसने म्हणजे ‘बसु-रो’. सोल शहराचे नाव ल वर संपते, तरी ‘सोल-उरो’ होत नाही, ‘सोल-लो’ होते. इथे ल स्वरासारखा वागतो. तोच सोल शब्द कर्ता झाला की गुमान व्यंजनाच्या रांगेत उभा राहून ‘इ’ घेतो.

परक्या शब्दांत शेवट मोजायचा तो कोरियन उच्चाराचा. बस हा शब्द आपल्या कानाला स वर संपतो, पण कोरियन तोंडात त्याचे ‘बसु’ होते, म्हणून ‘बसु-गा’. केबीएस या वाहिनीच्या नावाचा शेवट ‘एसु’, म्हणून तिलाही गा. आपले नागपूर कोरियनमध्ये ‘नागुफुरु’ लिहितात, तेव्हा तेही स्वरान्त ठरते. सचिन मात्र न वर संपतो, म्हणून ‘सचिन-इ’.

हे सगळे माणसाला आपसूक जमते, संगणकाला शिकवावे लागते. हंगुल अक्षरांपुरते ते सोपे आहे. १९ आरंभीची व्यंजने, २१ स्वर आणि तळाच्या २८ शक्यता (२७ व्यंजने आणि एक रिकामी) यांच्या गुणाकाराने ११,१७२ चौकोन होतात, आणि युनिकोडमध्ये ते याच क्रमाने ४४,०३२ पासून मांडले आहेत. ‘छेक’चा क्रमांक ५२,२९३. त्यातून ४४,०३२ वजा केले की ८,२६१ उरतात. त्याला २८ ने भागले की बाकी १, म्हणजे तळाशी व्यंजन आहे. ‘खफी’च्या ‘फी’ची बाकी शून्य येते, म्हणजे तळ रिकामा. ‘सोल’च्या शेवटच्या चौकोनाची बाकी ८, ती ल ची खूण, म्हणून ‘रो’साठी तेवढी वेगळी अट घालावी लागते.

पण वापरकर्त्याने आपले नाव रोमन लिपीत किंवा आकड्यात ठेवले तर हे गणित चालत नाही. ३ चा उच्चार ‘साम’, त्याला उन. २ चा ‘ई’, त्याला नुन. आकडे कसे वाचायचे याची यादी निराळी द्यावी लागते, आणि रोमन शब्द सुटी अक्षरे म्हणून वाचायचा की सलग, हे यंत्राला नुसते बघून कळत नाही. म्हणून कोरियन खेळांत आणि संकेतस्थळांवर सर्रास ‘उल(रुल)’, ‘इ(गा)’ असे कंसासकट छापलेले दिसते, आपल्या सरकारी अर्जांतल्या ‘राहणार/री’सारखे. वाचणारा मनातल्या मनात हवे ते घेतो.

माणसांच्या नावांपुरती एक चतुर पळवाट आहे. नावामागे आदरार्थी ‘निम’ जोडायचे. ते म वर संपते, त्यामुळे आधी काहीही लिहिलेले असो, पुढे उन आणि इ नक्की. खेळात सापडलेल्या तलवारीला मात्र कुणी निम लावत नाही, तिथे कंस अजून तसेच आहेत.