जांघेतला चट्टा : आधी त्याची कड पाहा

जांघेत, काखेत, छातीखाली किंवा पोटाच्या वळीत खाज सुटली की आपल्याकडे तिला एकच नाव असते, गजकर्ण किंवा नायटा. औषधही एकच, मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब. जागा अशी की कुणाला दाखवायची लाज वाटते. म्हणून एकाला गुण आला की तीच ट्यूब घरभर फिरते. पण या जागी येणारा प्रत्येक चट्टा नायटा नसतो. घासून सोलवटलेली कातडी वेगळी आणि घड्यांत वाढणारी कॅन्डिडा नावाची बुरशी वेगळी. तिघांचा उपाय वेगळा आहे, आणि उजेडात नीट पाहिले तर बराचसा फरक घरीच कळतो.

आमच्या पाहण्यातल्या एका घराचेच सांगतो. मुलगा बाजारात हमाली करतो, वय चाळीसच्या आसपास. पावसाळ्यात त्याच्या उजव्या जांघेत चट्टा उठला. त्याच्या आईला स्तनांखाली लाल झाले होते. पुतण्या पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायला जायचा, त्याच्या दोन्ही मांड्या आतून लाल झालेल्या. तिघेही एकच ट्यूब लावत होते.

हमालाच्या चट्ट्याची कड पेन्सिलीने रेघ ओढावी तशी स्पष्ट होती. कड थोडी उचललेली, तिच्यावर बारीक कोंडा, आणि मधली कातडी त्यामानाने निवळून तपकिरी पडलेली. चट्टा जांघेतून मांडीवर अर्धगोलात उतरला होता, पण अंडकोषाची कातडी मात्र साफ होती. हा खरा नायटा. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते आणि मधून बाहेर पसरत जाते. जिवंत वाढ कडेला असते, म्हणून खाजही कडेलाच जास्त आणि कोंडाही तिथेच. असा चट्टा दिसला की पायाची बोटेही फाकवून पाहावीत. बेचक्यात पांढरी, कुजल्यासारखी कातडी असेल तर बुरशी बहुधा तिथूनच वर आलेली असते. चड्डी चढवताना ती पायावरून जांघेत पोचते.

आईचे तसे नव्हते. घडीच्या अगदी तळाशी कातडी लालबुंद, ओली, चिरलेली. मध्येच पांढरट साय. कड होती, पण फाटल्यासारखी. आणि मुख्य खूण कडेच्या बाहेर होती. चट्ट्यापासून थोड्या अंतरावर बारीक लाल पुळ्या, काहींत पू, जणू मोठ्या डबक्याभोवती थेंब उडालेत. ही कॅन्डिडा. ती आपल्या अंगावर आणि पोटात एरवीही थोडी असते. ओल, ऊब आणि साखर मिळाली की माजते. पुरुषांत ती अंडकोषावरही उतरते, नायटा सहसा उतरत नाही. वय झालेल्या किंवा जाड माणसाला अशी कॅन्डिडा पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासलीच पाहिजे. या आजींना मधुमेह आहे हे या चट्ट्यामुळेच कळले.

पुतण्याला मात्र कोणतीही बुरशी नव्हती. दोन्ही मांड्या जिथे एकमेकींना घासतात तेवढीच जागा लाल, दोन्हीकडे सारखी. कड नाही, लाली हळूहळू विरत गेलेली. कोंडा नाही, पुळ्या नाहीत. खाजेपेक्षा आग जास्त, आणि घाम किंवा पाणी लागले की झोंबायचे. त्याने चार-पाच दिवस धावणे थांबवले, जागा कोरडी ठेवली, व्हॅसलीन लावले आणि मांडीपर्यंत येणारी सुती चड्डी घातली. तेवढ्याने उतरले. घासण्याने झालेला त्रास असा चटकन हटतो. आठवड्यात फरक नाही, किंवा नुसत्या लालीला नंतर कड येऊ लागली, तर सोलवटलेल्या कातडीत बुरशी शिरली असे समजावे.

आता त्या ट्यूबबद्दल. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल होते. हे फार जोरकस स्टिरॉइड आहे. ते लाली आणि खाज एका-दोन दिवसांत दाबते, म्हणून माणसाला वाटते गुण आला. पण लाली हा शरीराचा बुरशीशी चाललेला झगडा असतो. तो झगडाच बंद पडला की बुरशी निवांत पसरते. हमालाचा चट्टा ट्यूब बंद करताच दुप्पट जागी परतायचा. सहा महिन्यांत तो ढुंगणावर आणि कमरेवर गेला, आणि आता कड पुसट झाली होती, गोलात गोल उठले होते. ओळखायची खूणच ट्यूबने पुसून टाकली. शिवाय जांघेची कातडी पातळ. तिथे स्टिरॉइड जास्त मुरते, कातडी कागदासारखी होते आणि बाळंतिणीच्या पोटावर पडतात तसे व्रण उमटतात. ते पुन्हा जात नाहीत.

म्हणून ट्यूबवरचे नाव वाचा, किंवा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचे औषध, क्लोबेटासोल हे स्टिरॉइड. दोन्ही नावे ‘क्लो’ने सुरू होतात, तिथेच घोटाळा होतो. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन हीही स्टिरॉइडच. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला आहे, तरी ती मिळतात.

नायटा नवा आणि लहान असेल तर नुसते एक टक्क्याचे क्लोट्रिमॅझोल सकाळ-संध्याकाळ लावावे. चट्ट्यावरच नव्हे, कडेच्या बाहेर दोन बोटे लावावे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. बहुतेकांचे इथेच चुकते. कॅन्डिडालाही हेच औषध चालते, पण घडी ओली राहिली तर ते टिकत नाही. आंघोळीनंतर जागा घासू नका, टिपून कोरडी करा, आणि घडीत मऊ सुती फडके ठेवा.

हमालाला मात्र सरकारी रुग्णालयाच्या चर्मरोग विभागात जावे लागले. तिथे कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून दुर्बिणीखाली बघतात. बुरशीचे धागे दिसतात. स्टिरॉइड थांबवल्यावर सुरुवातीला लाली आणि खाज वाढली. ती वाढणारच होती, तेव्हा घाबरून पुन्हा ट्यूब धरायची नाही. पोटातून गोळ्या आठ आठवडे चालल्या. बायकोच्या कमरेवरही चट्टा निघाला, तिचेही औषध त्याच वेळी सुरू केले. नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फिरतच राहते. या गोळ्या डॉक्टरांनीच द्यायच्या, कारण यकृताचा किंवा हृदयाचा विकार असला, किंवा बाई गरोदर असली, तर काही चालत नाहीत.

कपड्यांचेही सांगायला हवे. बायका आतले कपडे लाजेने दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतात. पावसाळ्यात ते दिवसभर दमटच राहतात आणि तसेच अंगावर चढतात. ते वेगळे, कढत पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात घालावेत. ऊन नसेल तर शिवणीवरून इस्त्री फिरवावी. टॉवेल आणि चड्डी कुणाशीही वाटून घेऊ नये.

चट्टा तपकिरी, फारशी खाज नसलेला असेल तर तो जिवाणूंचाही असू शकतो, त्याचे औषध निराळे. आणि जागा सुजून गरम झाली, ताप आला किंवा मधुमेही माणसाच्या जांघेत दुखरी लाली वेगाने पसरू लागली, तर मलम लावत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर न्या, संपलेल्याही.