महिन्यानंतर आलेले पत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात वकिली करताना माझ्यासमोर बरीच पत्रे येतात. त्यातल्या एका पत्राविषयी आज बोलणार आहे. त्या दोघांना विचारूनच सांगते आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

बाई मुलुंडला माहेरी आली होती, नवरा वांद्रे पूर्वेला. भांडणाचे कारण सोन्याच्या पाटल्या. त्याने त्या तिला न विचारता गहाण टाकल्या होत्या, आणि मावसबहिणीच्या लग्नासाठी तिने मागितल्यावर त्या लॉकरमध्येच असल्याचे सांगितले होते. ती घर सोडून गेल्याला महिना झाला आणि त्याचे पत्र आले. ते घेऊन ती माझ्याकडे आली. विभक्त राहण्याच्या अर्जाचा मसुदा तयार होता, फक्त सही राहिली होती.

तिचा पहिला प्रश्न होता, "हे खरं समजू का?" आम्ही पत्र ओळीओळीने वाचले. त्यात लिहिले होते, "पाटल्या मी तुला न विचारता गहाण टाकल्या. लॉकरमध्ये आहेत हे खोटं सांगितलं. साठ हजार उचलले होते, त्यातले बारा फेडले. पावत्या सोबत आहेत. घरी ये म्हणत नाही. एकदा बोलू, तू म्हणशील तिथे." इथपर्यंत प्रत्येक चुकीचा कर्ता 'मी' आहे, केलेल्या गोष्टीला तिचे नाव दिले आहे, आणि पडताळून पाहता येईल असा कागद जोडला आहे. "तुला वाईट वाटले असेल तर माफ कर" असे तो लिहिता, तर त्यात त्याची कृती कुठेच नसती, फक्त तिचे वाटणे असते.

पण शेवटी आणखी एक ओळ होती. "तू सगळ्यांसमोर बोललीस म्हणून माझा तोल गेला." या 'म्हणून'ने वर घेतलेली जबाबदारी अर्धी परत केली होती. मी तिला म्हटले, एवढ्यावरून पत्र खोटे ठरवू नका, पण भेटाल तेव्हा याच ओळीपासून सुरुवात करा. दुरुस्त होण्याजोगे काय आहे, ते तिथे कळेल.

दुसरी भीती कायद्याची होती. भावाने तिला बजावले होते, "उत्तर दिलंस, भेटलीस, तर माफ केलं असं कोर्ट धरेल." ही भीती निराधार नाही, पण अर्धवट आहे. हिंदू विवाह कायद्यात, क्रूरतेची तक्रार करणाऱ्याने ती क्रूरता आधीच क्षमापित केली असेल, तर दाद मिळत नाही. 'दास्ताने विरुद्ध दास्ताने' हा आपल्या पुण्याचाच खटला यासाठी नेहमी सांगितला जातो. लग्न 1956 चे, दोघे वेगळे झाले 1961 मध्ये. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी पत्नीची वागणूक क्रूरतेची होती हे मान्य केले. तरीही नवरा हरला, कारण त्या प्रसंगांनंतरही दोघे पतिपत्नी म्हणून नांदत राहिले होते. निकालाने क्षमेचे दोन भाग सांगितले. एक, अपराध माफ करणे. दुसरा, जोडीदाराला पूर्वीच्या स्थानी पुन्हा बसवणे. शिवाय ही क्षमा सशर्त असते. तोच प्रकार पुन्हा झाला, तर जुनी तक्रार जिवंत होते.

म्हणजे पत्राला उत्तर देणे, चहा घेत दोन तास बोलणे, एवढ्याने नांदणे सुरू होत नाही. मात्र लिहिलेला कागद पुढे नवराबायकोच्या दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकतो, हे दोघांनीही लक्षात ठेवावे. अर्ज दाखल झाल्यावर न्यायालयातल्या विवाह समुपदेशकापुढचे बोलणे मात्र गोपनीय राहते.

तिने चार ओळींचे उत्तर लिहिले. "पत्र मिळालं. बोलायला तयार आहे. घरी येण्याविषयी अजून काही ठरवलेलं नाही. रविवारी मामांकडे भेटू, उरलेल्या कर्जाचा कागद आणावा." मारहाण झाली असती, किंवा तिला त्याची भीती वाटत असती, तर मी हा सल्ला दिला नसता. तिथे आधी संरक्षण, मग बोलणे.

ते भेटले. ती 'म्हणून'ची ओळ तिने वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खोटं तर मी त्याच्या आधीच बोललो होतो." अर्जाचा मसुदा अजून माझ्या कपाटात आहे. तो फाडा, असे तिने सांगितलेले नाही; सहीही केलेली नाही. हप्ता भरला की तो पावती मुलुंडला पाठवतो. परवा सातवी आली.