उसाचं बिल आलं, पैसे ठेवायचे कुठं कुठं?



समजा, ऊस आणि डाळिंबाचे मिळून तुमच्याकडे ८ लाख शिल्लक पडले आणि ते सगळे एकाच बँकेत मुदत ठेवीत टाकले. बँक बुडत नाही असं आपण धरून चालतो. पण पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द केला. अशा वेळी ठेव विम्यातून एका ठेवीदाराला एका बँकेसाठी जास्तीत जास्त ५ लाख मिळतात, तेही व्याज धरून. वरचे ३ लाख वसुली होईल तसे, मिळाले तर मिळाले.

तेच ४-४ लाख दोन वेगळ्या बँकांत असते, तर दोन्ही रकमा विम्यात बसल्या असत्या. मात्र बँक एकच आणि शाखा दोन, एक बारामतीची, एक इंदापूरची, ही वाटणी नव्हे. विमा सगळ्या शाखांची बेरीज धरतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा लागूच नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता दुसरी गोष्ट. रानात ऊस, ठेव ऊसवाल्यांनाच कर्ज देणाऱ्या गावच्या पतसंस्थेत, आणि उरलेल्या पैशात शेजारची जमीन. दिसायला तीन ठिकाणं. पण कालव्याचं आवर्तन चुकलं की ऊस वाळतो, कर्जदार थकतात म्हणून ठेव अडकते, आणि त्याच वर्षी जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. तिन्हींचं दुखणं एकच, पाणी. म्हणून थोडा पैसा पाण्याशी संबंध नसलेल्या जागी हवा: सोनं, पोस्टाची योजना, म्युच्युअल फंड.

तरी धोका संपत नाही. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. म्हणजे शेअरच्या फंडातल्या १ लाखाचे साधारण ६२ हजार. आठही लाख तिथंच असते तर तीन लाख गेले असते. आठातला एकच लाख असेल तर फटका ३८ हजारांचा. फटका बसतोच, पण पेलवतो. त्याच महिन्यात सोनंही काही दिवस घसरलं होतं, कारण घाबरल्यावर लोक हाताला लागेल ते विकतात.

पुढं त्याच वर्षात बाजार सावरला. पण ज्याला मार्चमध्येच पोरीच्या लग्नाला किंवा लागणीला पैसे लागले, त्याला पडत्या भावात विकावं लागलं. म्हणून येत्या वर्षभरात लागणारी रक्कम शेअरच्या फंडात घालू नका, ती बँकेत बचत खात्यावर किंवा छोट्या मुदतीच्या ठेवीतच राहू द्या.