फोटोची कड विरवताना

वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी डिझायनरकडे बहुतेक वेळा मोबाइलवर काढलेला अर्धाच फोटो येतो. केस, कान, खांदे कापून घेता येतात, कारण तिथे माणसाची स्वतःची कड असते. छातीखाली मात्र फोटोच संपलेला असतो. तिथली आडवी कड ही माणसाची नसते, चौकटीची असते. तसाच फोटो भगव्या रंगावर ठेवला की ती रेघ सगळ्यांत आधी नजरेत भरते. मग तिच्यावर फुलांची पट्टी येते, नाहीतर शुभेच्छुकांची नावं. झाकण्याऐवजी शर्टच खाली हळूहळू विरत न्यायचा असेल, तर लेयर मास्कवर ग्रेडियंट ओढावा लागतो.

कड विरवण्याची ही हौस जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकातले फोटोग्राफर प्रिंट काढताना मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा निगेटिव्हपासून थोडा दूर ठेवत. भोकाच्या कडेने प्रकाश अंधूक होत जाई आणि छातीपर्यंतचं चित्र पांढऱ्या कागदात मिसळून जाई. पण ते पांढऱ्यातच मिसळे. मास्कने येते ती पारदर्शकता, त्यामुळे मागचा रंग भगव्याचा निळा झाला तरी फोटोला हात लावावा लागत नाही. कडेवर भगवा ब्रश फिरवला असता तर रंग बदलताच सगळं काम पुन्हा करावं लागलं असतं.

मास्क म्हणजे लेयरला जोडलेलं काळं-पांढरं चित्र. त्यात पांढरं असेल तिथे फोटो पूर्ण दिसतो, काळं असेल तिथे दिसत नाही, करडं असेल तिथे अर्धवट दिसतो. 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. मधल्या 128 च्या करड्यावर निम्मा रंग शर्टाचा येतो आणि निम्मा मागच्या भगव्याचा. फोटोतला एकही पिक्सेल पुसला जात नाही. इरेझर आणि मास्क यांच्यातला फरक तो हाच.

फोटो 2000 पिक्सेल उंच आहे असं धरू. फोटोशॉपमध्ये लेयर निवडून पॅनेलच्या तळाशी असलेल्या मास्कच्या बटणावर क्लिक केलं की पांढरा मास्क लागतो. मग G दाबून ग्रेडियंट टूल घ्यायचं, पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा सरळ ग्रेडियंट निवडायचा आणि Shift धरून वरून साधारण 1450 पिक्सेलवरून 1950 पर्यंत खाली ओढायचं. शेवटचे 50 पिक्सेल मुद्दाम सोडायचे. ओढ फोटोच्या कडेबाहेर गेली तर प्रत्यक्ष कडेवर मास्क पूर्ण काळा होत नाही. तिथे 20 ची छटा उरली तरी फोटो सुमारे 8 टक्के दिसत राहतो. भगव्यावर ते स्क्रीनवर कळतही नाही, गडद निळ्यावर पांढऱ्या शर्टाची फिकट रेघ मात्र उमटते. म्हणून खाली तात्पुरता काळा लेयर ठेवून कड तपासावी. फ्लेक्स छापून टांगल्यावर तपासून काय उपयोग?

नवख्यांची सर्वांत जास्त तारांबळ उडते ती माणूस आधीच मास्कने कापलेला असतो तेव्हा. त्याच मास्कवर नेहमीचा ग्रेडियंट ओढला की जुना मास्क पूर्ण बदलतो. शर्ट खाली छान विरतो, पण वर खांद्यांभोवती मूळ फोटोतली भिंत आणि पडदा परत दिसू लागतो. यावर सोपा इलाज म्हणजे तो लेयर निवडून Ctrl+G ने ग्रुप करायचा आणि ग्रेडियंटचा मास्क लेयरला न लावता ग्रुपला लावायचा. मग कापण्याचं काम एका मास्ककडे राहतं आणि विरवण्याचं दुसऱ्याकडे. साहेबांना छाती थोडी अधिक दिसायला हवी असेल, तर फक्त दुसरा मास्क पुन्हा ओढायचा. आणखी एक चूक नेहमी होते. मास्कऐवजी फोटोचाच थंबनेल निवडलेला राहतो आणि पांढरा-काळा पट्टा थेट चेहऱ्यावर पसरतो. ओढण्यापूर्वी मास्कच्या थंबनेलभोवती चौकट आहे ना, एवढं पाहिलं की हे टळतं.

सरळ ग्रेडियंट जिथे सुरू होतो तिथे कधीकधी शर्टावर अस्पष्ट पट्टा जाणवतो, कारण उतार तिथे एकदम लागतो. मास्क निवडून Ctrl+M ने कर्व्ह उघडावा आणि रेषेला इंग्रजी एस अक्षरासारखा हलका बाक द्यावा. उताराची दोन्ही टोकं मऊ होतात.

विरलेल्या भागातून मागचं सगळं दिसतं, हे मात्र कोणत्याही मास्कने टळत नाही. मागे साधा रंग किंवा आभाळ असेल तर विरणं सुंदर दिसतं. तिथे अक्षरं किंवा दुसऱ्याचा चेहरा आला तर शर्टावरच नाक-डोळे उमटतात. नेत्यांचे फोटो ओळीने लावताना हे हमखास होतं. अशा वेळी मागचा चेहरा बाजूला सरकवावा, नाहीतर विरण्याची पट्टी आखूड करावी.

असा तयार फोटो दुसऱ्या डिझायनरला पाठवायचा असेल तर पीएनजी किंवा पीएसडी द्यावी. जेपीजीत पारदर्शकता साठवताच येत नाही. विरलेली कड पांढऱ्यात मिसळून पक्की होते आणि तो फोटो भगव्यावर ठेवला की भोवती पांढरा चौकोन दिसतो.